सलग लॉटमध्ये तोच दोष आला तर पुरवठादाराकडून मूळ कारण कसं काढून घ्यावं

प्रश्न: एका पुरवठादाराच्या मालात सलग चौथ्या लॉटला तोच दोष आलाय. खराब नग ते दर वेळी बदलून देतात. कॅपा, म्हणजे दोष निस्तरून तो पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं याचा रिपोर्ट मागितला की 'ऑपरेटरला प्रशिक्षण दिले, तपासणी कडक केली' अशा दोन ओळी येतात. मूळ कारणासह नीट रिपोर्ट हवा असेल तर मागणी कशी लिहायची? आणि आलेलं कारण खरं आहे की कागद भरलाय, हे कसं ओळखायचं?

उत्तर:

तुम्ही पाठवलेली तक्रार आधी काढून वाचा. पैजेवर सांगतो, तीही दोन ओळींचीच असेल. 'माल सदोष, कॅपा पाठवा' असं लिहिलं की समोरचा क्वालिटीवाला जुनी फाईल उघडतो, तारीख बदलतो आणि पाठवून देतो. त्याला दोष द्यायचा नाही. शोध घ्यायला त्याच्या हातात तुम्ही काहीच दिलेलं नसतं. मीही कित्येक वर्षं तेच करत होतो. एका प्रकरणाने माझी पद्धत बदलली. तेच सविस्तर सांगतो, कारण तुमचे दोन्ही प्रश्न त्यात येतात.

आमच्या असेंब्लीत एक स्टड लागायचा. एम 8, पिच 1.25, वर झिंक प्लेटिंग किमान 8 मायक्रॉन. पुरवठादार आटे सीएनसीवर कापायचा आणि प्लेटिंग बाहेरून करून घ्यायचा. तक्रार अशी, की काही स्टडवर नट पहिल्या एक-दोन आट्यांवरच अडायचा. 3000 नगांचा लॉट. पहिल्या लॉटला 41 नग अडले, दुसऱ्याला 58, तिसऱ्याला 22, चौथ्याला 63. दर वेळी बदली माल यायचा आणि दर वेळी तुमच्यासारखाच रिपोर्ट.

चौथ्या लॉटनंतर मी पत्र लिहायच्या आधी दोन दिवस आमच्याच कारखान्यात घालवले. पहिलं काम म्हणजे आमचं मोजमाप बरोबर आहे याची खात्री. गो रिंग गेज म्हणजे चांगला आटा जिच्यात अडल्याशिवाय फिरत जायलाच हवा अशी मापाची कडी. ज्या गेजने आम्ही नग अडतोय म्हणत होतो, ते कॅलिब्रेट करून घेतलं, आणि नटही वेगळ्या पेटीतले लावून पाहिले. हे वगळू नका. पुरवठादाराचा पहिला बचाव 'तुमचं गेज चुकीचं' हाच असतो, आणि कधीकधी तो खरा निघतो. दुसरं काम, अडलेले नग लॉटप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत, पावती क्रमांकासह ठेवणं. बदली माल आला की सदोष नग भंगारात टाकायची आमच्याकडे सवय होती. म्हणजे पुरावाच फेकून देत होतो. पहिल्या दोन लॉटचे नग त्यात गेले होते. तिसऱ्याचे आणि चौथ्याचे हाती लागले. त्यांतले निम्मे सीलबंद करून पुरवठादाराला पाठवले, निम्मे ठेवले.

मग पत्र लिहिलं. मजकूर साधारण असा होता:

"तुमच्या सलग चार लॉटमध्ये (पावती क्रमांक व तारखा सोबत) प्रत्येकी 3000 पैकी अनुक्रमे 41, 58, 22 आणि 63 स्टडवर नट पहिल्या दोन आट्यांत अडतो. हे नग 6 एच गो रिंग गेजमध्येही जात नाहीत. गेजचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र आणि सदोष नग सोबत पाठवत आहोत. आधीच्या तीन रिपोर्टमधल्या उपायांनंतरही दोष आला असल्याने ते रिपोर्ट आम्ही पुन्हा उघडत आहोत. पुढील गोष्टी कळवाव्यात: एक, तुमच्याकडचा, प्लेटरकडचा आणि वाटेतला माल कसा अडवला, हे दोन दिवसांत. दोन, दोष का निर्माण झाला आणि तुमच्याकडून निसटून आमच्यापर्यंत का आला, या दोन प्रश्नांची वेगवेगळी कारणं, पुराव्यासह, चौदा दिवसांत. तीन, मागचे उपाय का लागू पडले नाहीत. चार, नवा उपाय परिणामकारक ठरला हे तुम्ही कोणत्या मोजमापाने दाखवणार आहात. कारण सांगताना हेही स्पष्ट व्हावं, की दोष सगळ्या नगांत न येता शेकडा दोनच्या आसपासच का येतो, आणि तिसऱ्या लॉटमध्ये तो कमी का झाला."

शेवटचं वाक्य या पत्राचा कणा आहे. दोष कुठे येतो हे सगळेच लिहितात. तो कुठे येत नाही हे फार थोडे लिहितात. शेकडा अठ्ठ्याण्णव नग त्याच मशीनवर, त्याच ड्रममध्ये प्लेट होऊन चांगले निघालेत. जे कारण या चांगल्या नगांचा हिशेब देऊ शकत नाही, ते मूळ कारण नाही. 'सलग लॉट' हा तुमच्यासाठी मनस्ताप असला तरी शोधणाऱ्याला तो खजिना असतो. एका लॉटवरून काही कळत नाही. चार लॉटच्या आकड्यांत चढउतार दिसतो आणि त्या चढउताराला कारण असावंच लागतं.

तिसरा मुद्दाही गाळू नका. पूर्वी बंद केलेला रिपोर्ट पुन्हा उघडतोय असं लेखी कळवलं, की तोच उपाय नव्या तारखेने पाठवणं अवघड जातं. तुमच्या पुरवठादाराकडे आयएसओ 9001:2015 असेल तर कलम 10.2 मध्ये त्याने स्वतःच हे कबूल केलेलं असतं. कारण शोधायचं, तशीच गोष्ट आणखी कुठे आहे का किंवा होऊ शकेल का ते पाहायचं, आणि केलेल्या उपायाचा परिणाम तपासायचा. खराब नग बदलून देणं म्हणजे करेक्शन, झालेलं निस्तरणं; कारणच काढून टाकणारी करेक्टिव्ह ॲक्शन नव्हे. हा फरक फोनवर एकदा शांतपणे समजावून सांगा. पुष्कळ ठिकाणी तो खरोखरच माहीत नसतो.

बारा दिवसांनी उत्तर आलं. आठ चौकटींचा एट-डी फॉर्म, पाच 'का' भरलेले. मूळ कारण: प्लेटिंगचा थर जास्त बसला. उपाय: प्लेटरला लेखी सूचना, ऑपरेटरला प्रशिक्षण, पाठवण्याआधी शंभर टक्के तपासणी.

वाचायला हे पटतं. प्लेटिंगने आटे जाड होतात हे खरंच आहे. पण चांगल्या नगांची कसोटी लावली की ते टिकत नाही. एका ड्रममध्ये हजारो नग एकत्र फिरतात. थर वाढला तर तो सगळ्यांवरच थोडाफार वाढेल, मग शेकडा दोनच का अडले? आम्ही चौथ्या लॉटमधल्या अडलेल्या वीस आणि न अडलेल्या वीस नगांची जाडी मोजून घेतली. दोन्हीकडे ती 8 ते 12 मायक्रॉनच निघाली. म्हणजे थर कारणात सामील होता, पण वाईट नग आणि चांगला नग यांच्यातला फरक तो नव्हता.

तिसऱ्या लॉटची गंमत त्यानंतर कळली. दुसऱ्या तक्रारीनंतर त्यांनी प्लेटरला वेळ कमी करायला सांगितलं होतं. त्या लॉटचे ठेवलेले नग मोजले तर थर 6 ते 8 मायक्रॉनचा, म्हणजे बहुतेक नग ड्रॉइंगच्या किमान मर्यादेखाली. दोष कमी झाला होता, पण गंजण्यापासूनचं संरक्षण विकून. आमच्या आवक तपासणीने हे पकडलं नव्हतं, हे आम्हालाही लाजिरवाणंच होतं. चुकीच्या कारणावर केलेल्या उपायाने आकडा खाली येतो तेव्हा जास्त सावध राहा. दोष एका दारातून काढून दुसऱ्या दारातून आत घेतलेला असू शकतो.

रिपोर्ट परत पाठवला. 'अमान्य' एवढंच लिहून नाही, तर जाडीचे आकडे आणि हे दोन प्रश्न जोडून. सोबत कळवलं, की पुढच्या आठवड्यात मी एक दिवस तुमच्याकडे येतो, आपण मिळून बघू. मिळून हा शब्द मुद्दाम वापरला. ऑडिटला येतो म्हटलं की मशीनभोवती झाडलोट होते आणि जे बघायचं तेच नाहीसं होतं.

तिथे पहिल्यांदा प्लेटरने अडलेल्या दहा नगांवरचा झिंक सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये काढून टाकला. उघड्या आट्यांचा पिच व्यास, म्हणजे आट्याच्या उंचवट्याच्या आणि खोबणीच्या मध्यावरचा व्यास, थ्रेड मायक्रोमीटरने मोजला. 7.150 ते 7.160 मिलिमीटर. न अडलेल्या दहाचं तसंच केलं: 7.110 ते 7.135. आता फरक दिसला, आणि तो प्लेटिंगच्या आधीचा होता.

इथे थोडं गणित लागतं, पण अवघड नाही. एम 8 च्या आट्याचा मूळ पिच व्यास 7.188, आणि 6 एच गो रिंगची वरची हद्दही तीच. 6 जी सहनमर्यादेत तो जास्तीत जास्त 7.160 आणि कमीत कमी 7.042 चालतो. म्हणजे वरच्या टोकाला प्लेटिंगसाठी 28 मायक्रॉनची जागा राहते. आट्याच्या दोन बाजूंमध्ये साठ अंशांचा कोन असल्यामुळे थर जेवढा बसतो त्याच्या चौपट पिच व्यास वाढतो. 28 ला चाराने भागा, उत्तर 7 मायक्रॉन. आणि ड्रॉइंग मागतंय किमान 8. याचा अर्थ प्लेटिंगआधी 6 जी च्या मर्यादेत अगदी बरोबर असलेला नग प्लेटिंगनंतर नियमाप्रमाणेच नापास होऊ शकतो. शिवाय विद्युत प्लेटिंगमध्ये टोकाशी थर जरा जास्त बसतो, म्हणून नट सुरुवातीच्याच आट्यांवर अडत होता.

मग काही नगच वरच्या टोकाला का? त्यासाठी सीएनसीपाशी उभं राहावं लागलं. आटे कापणारी इन्सर्ट, म्हणजे बदलता येणारं कापायचं पातं, एका धारेवर साधारण 700 नग चालायची. बहुतेक आयुष्यभर पिच व्यास 7.110 ते 7.130 च्या आसपास राहायचा. शेवटच्या चाळीसेक नगांत मात्र धार झपाट्याने झिजते, आटा उथळ कापला जातो आणि व्यास चढत 7.160 कडे जातो. ऑपरेटर दर पंचविसाव्या नगाला 6 जी ची गो रिंग लावायचा. रिंग अडली की इन्सर्ट बदलायचा. त्याला दिलेल्या सूचनेप्रमाणे तो अगदी बरोबर वागत होता. 3000 नगांना चार इन्सर्ट, प्रत्येकीच्या शेवटचे पंधराएक नग अडणारे, मिळून साठच्या घरात. आमचे 58 आणि 63 तिथेच उभे होते.

हे इतके दिवस कुणाला दिसलं का नाही? ड्रममध्ये गेल्यावर नगांचा क्रम पुसला जातो. मशीनवर हे नग एकापाठोपाठ पडत होते. आमच्याकडे येईपर्यंत ते लॉटभर विखुरलेले आणि म्हणून 'अधूनमधून, कारण नसताना' आलेले वाटत होते. तुमच्या मालावर उष्णता प्रक्रिया, टम्बलिंग, धुणं असं क्रम मोडणारं काही होत असेल तर कारण त्याच्या अलीकडे जाऊन शोधा.

तरीही तेवढ्यावर मी कारण मान्य केलं नाही. मूळ कारणाची खरी परीक्षा एकच: दोष मुद्दाम आणता येतो का, आणि मुद्दाम घालवता येतो का. झिजलेल्या इन्सर्टचे, 7.150 ते 7.160 मधले वीस नग वेगळे काढले, टोकाच्या सपाट भागावर पंचने एक खूण केली. नव्या इन्सर्टचे, 7.120 ते 7.130 मधले वीस काढून दोन खुणा केल्या. चाळीसही नग एकाच ड्रममध्ये, नेहमीच्या मालाबरोबर प्लेट केले. एका खुणेचे वीसपैकी चौदा गो रिंगला अडले. दोन खुणांचा एकही नाही. या एका पानाच्या चाचणीने आधीच्या चार रिपोर्टपेक्षा जास्त सांगितलं. तुम्ही मागणी लिहाल तेव्हा हे स्पष्ट शब्दांत मागा: 'दोष पुन्हा निर्माण करून दाखवा.' प्रत्येक दोषात ते जमत नाही, उदाहरणार्थ महिन्यांनी उमटणाऱ्या तड्यांत. पण का जमत नाही हे तरी पुरवठादाराने लिहायलाच हवं.

निसटण्याचं कारण वेगळं होतं. प्लेटिंगनंतर पुरवठादार लॉटमागे पाच नग गेजने तपासायचा. शेकडा दोन सदोष असताना पाचही नग चांगले निघण्याची शक्यता नव्वद टक्के. म्हणजे तपासणारा प्रामाणिक असूनही दहातून नऊ वेळा त्याला काहीच सापडणार नव्हतं. 'तपासणी कडक केली' या वाक्यामागे नगांची संख्या विचारा. बहुधा ती पाच असते.

आणि एक कारण आमचं होतं. ड्रॉइंगवर '6 जी' आणि 'झिंक किमान 8 मायक्रॉन' लिहिलं होतं. 6 जी प्लेटिंगआधी की नंतर, आणि थराची कमाल किती, हे कुठेच नव्हतं. हे रिपोर्टमध्ये लिहायला पुरवठादाराचा क्वालिटीवाला कचरत होता. मीच त्याला लिहायला सांगितलं. आमच्या खरेदी विभागाला ते आवडलं नाही, कारण त्यामुळे सगळा खर्च त्याच्या माथी मारता येईना. पण ड्रॉइंगवर बोट ठेवायची मुभा नसेल तर पुरवठादार बोट ऑपरेटरवरच ठेवतो. 'ऑपरेटरची चूक' हे मूळ कारण म्हणून मी कधीच स्वीकारत नाही. चूक झाली असेल तर ती करणं इतकं सोपं का होतं, हा पुढचा प्रश्न विचारावा लागतो. इथे तर चूकही झाली नव्हती.

उपाय ठरले ते मोजके. ड्रॉइंगमध्ये आम्ही थर 8 ते 12 मायक्रॉन आणि प्लेटिंगनंतर 6 एच गो अशी सुधारणा केली. 12 चौक 48, म्हणून प्लेटिंगआधीची वरची मर्यादा 7.188 मधून 0.048 वजा जाता 7.140. पुरवठादाराने त्या मापाची वेगळी गो रिंग करून मशीनपाशी ठेवली, रंगीत पट्टी लावून, आणि जुनी रिंग तिथून उचलली. खाली 7.042 पर्यंत भरपूर जागा होती, त्यामुळे काम अवघड झालं नाही. इन्सर्ट अडेपर्यंत न चालवता 500 नगांवर काउंटरनेच मशीन थांबावं अशी सोय केली. कंट्रोल प्लॅनमध्ये दोन्ही गोष्टी लिहिल्या गेल्या; तिथे न लिहिलेला उपाय ऑपरेटर बदलला की विरून जातो. शंभर टक्के तपासणी होती, पण ती तात्पुरती अडवणूक म्हणून, बंद करण्याची अट आधीच लिहून.

ती अट अशी होती: सलग तीन लॉट, प्रत्येकात प्लेटिंगनंतर 150 नग गो रिंगने तपासायचे, एकही अडता कामा नये. 150 ची संख्या हवेतून नव्हती. दोष पूर्वीसारखा शेकडा दोन असता तर 150 नगांत एखादा तरी सापडण्याची शक्यता सुमारे 95 टक्के होते. दोषाचं प्रमाण हजारात एक असेल तर 150 पुरणार नाहीत, तिथे 3000 च्या आसपास नग बघावे लागतात. म्हणून 'पुढचा लॉट चांगला आला, रिपोर्ट बंद' असं कधी करू नका. शून्य दोषांइतकंच मला दुसरं एक पान हवं होतं: प्रत्येक इन्सर्टच्या शेवटच्या पाच नगांचा प्लेटिंगआधीचा पिच व्यास. तिथे कमाल आकडा 7.134 दिसला, तेव्हा दोष दैवाने थांबलेला नाही याची खात्री पटली.

तुमचा पुरवठादार स्वतः बनवत नसेल, नुसता व्यापारी असेल, तर हे सगळं त्याच्याकडून होणार नाही. पत्र त्याला, पण कारणाचा तपास प्रत्यक्ष बनवणाऱ्याच्या सहीने आणि तिथे जायची परवानगी, अशी मागणी करा. आणि जो पुरवठादार दोनदा कळवूनही फक्त प्रशिक्षणच देत राहतो, त्याला तिसरं पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका. नव्या ऑर्डरला 'रिपोर्ट मान्य झाल्यावर' अशी अट खरेदी विभागाकडून लावून घ्या. पर्यायी पुरवठादार नसेल तर ही अट पोकळ आहे हे त्यालाही कळतं. अशा वेळी स्वतः जाऊन शोधणं एवढंच हाती उरतं, आणि ते वाटतं तेवढं महाग पडत नाही.

आमचा रिपोर्ट बंद करण्याआधी शेवटची चौकट उरली होती: असंच आणखी कुठे होऊ शकतं? बहुतेक जण तिथे 'लागू नाही' लिहितात. तोच पुरवठादार आम्हाला एम 6 चा एक स्टडही द्यायचा, पिच 1, तोच 6 जी, तोच झिंक. तिथे जागा 26 मायक्रॉनची, म्हणजे थर साडेसहाच बसणार. त्याची तक्रार कधीच आली नव्हती. गोदामातली एक पेटी उघडून 150 नगांना रिंग लावली, तर चार अडले. असेंब्लीत विचारलं तेव्हा तिथला फिटर म्हणाला, "ते होय? ते आम्ही डाय फिरवून सरळ करून घेतो की."